परदेशी जाहिरातींवरची 6 टक्के लेव्ही: पूर्ण बिलावर की आणखी वाढवून? 2022-23 च्या नोटिशीबद्दल सल्ला हवा

टॉवेल_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, भागीदारी फर्म. निम्म्याहून जास्त माल बाहेरदेशी जातो, मुख्यतः हॉटेलांना. गिऱ्हाईक शोधायला 2022-23 मध्ये आम्ही एका परदेशी प्लॅटफॉर्मवर वर्षभर जाहिराती चालवल्या. महिन्याला साधारण 70 हजार, फर्मच्या क्रेडिट कार्डावरून आपोआप कापले जायचे. वर्षाचे 8 लाख 40 हजार झाले. बिल परदेशातल्या कंपनीचं, आमच्या नावानं.

आता आयकर खात्याची कारणे दाखवा नोटीस आली आहे. या खर्चावर इक्वलायझेशन लेव्ही का कापली नाही, आणि हा खर्च नामंजूर का करू नये, असं विचारलंय. कापली नव्हती हे खरं आहे. कार्डावरून पूर्ण पैसे जातात, त्यातून कापायचं कुठं आणि कसं?

माझे तीन प्रश्न आहेत. एक, जाहिराती जर्मनी आणि दुबईच्या लोकांना दिसत होत्या, भारतात कुणी बघितल्याच नाहीत, मग भारताची लेव्ही कशी लागते? दोन, एक सीए म्हणतात 8,40,000 वर 6 टक्के, दुसरे म्हणतात आधी रक्कम वाढवून घ्या आणि मग 6 टक्के. बरोबर कोण? तीन, एकूण किती भुर्दंड बसेल? नोटिशीला उत्तर द्यायला थोडेच दिवस उरलेत, म्हणून जाणत्या माणसांनी जरूर लिहा.

बाळीवेस

काय ओ, ही लेव्ही तर सरकारनं रद्द केली की! 1 एप्रिल 2025 पासून बंद झाली. पेपरात आलं होतं. आणि चालू होती तेव्हासुद्धा पहिल्या एक लाखाला माफीच होती. म्हणजे तुमचे 7 लाख 40 हजारच धरायचे. खात्याला तसं लिहून द्या.

चटणीताई

माझाही प्रश्न यातच विचारते. मी घरून शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी विकते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास महिन्याला सहा-सात हजाराच्या जाहिराती देते. त्यावर 18 टक्के कर लागतो तो हाच का? म्हणजे मी आधीच भरलाय ना? का मलाही नोटीस येणार? वाचून पोटात गोळा आला.

करसल्ला_दत्तचौक

एकेकाचं बघू या. आधी चटणीताईंची काळजी मिटवते. तुम्ही म्हणता तो 18 टक्के म्हणजे जीएसटी, त्याचा या लेव्हीशी संबंध नाही. तुमचं बिल उघडा आणि बिल देणाऱ्याचा जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे 27 असतील तर महाराष्ट्र, 06 असतील तर हरियाणा. असा राज्याचा आकडा असला की बिल भारतातल्या कंपनीचं आहे. कित्येक मोठे प्लॅटफॉर्म आता भारतीय कंपनीमार्फत रुपयांत बिल देतात. तिथं पैसे देणाऱ्यानं लेव्ही कापायचा प्रश्नच येत नव्हता. नंबर 99 नं सुरू होत असेल तर मात्र कंपनी परदेशातली. जीएसटी नंबर दिसला म्हणजे कंपनी भारतीय, असं समजून बरेच जण इथं फसतात. तरी ताई, महिन्याला सहा-सात हजार म्हणजे वर्षाचे एक लाख होत नाहीत. त्यामुळे तुम्हाला कुठूनही ही लेव्ही लागत नव्हती. निश्चिंत राहा.

बाळीवेस, रद्द झाली हे बरोबर आहे. 6 टक्क्यांची लेव्ही 1 जून 2016 ला सुरू झाली आणि 1 एप्रिल 2025 पासून बंद झाली. पण मधल्या वर्षांचं देणं त्यानं माफ होत नाही. 2022-23 चा हिशेब त्या वेळच्या कायद्यानंच होणार. आणि एक लाखाचं तुम्ही म्हणता तसं नाही. ती उंबरठ्याची मर्यादा होती. एका परदेशी कंपनीला वर्षभरात एक लाखापर्यंतच पैसे दिले तर लेव्ही नाही. मर्यादा ओलांडली की पहिल्या रुपयापासून सगळ्या रकमेवर लागायची. यांचे एप्रिलमध्ये 70 हजार आणि मे महिन्यात आणखी 70 हजार झाले, तेव्हाच मर्यादा ओलांडली गेली. त्यामुळे 7,40,000 धरून उत्तर देऊ नका, पहिल्याच पानावर नोटीसवाल्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

आता जर्मनी-दुबईचं. जाहिरात कुणी बघितली याची कायद्यात अटच नाही. वित्त अधिनियम 2016 मधलं कलम 165 दोनच टोकं बघतं. पैसे घेणारा परदेशी असावा आणि त्याचं इथं कायम ठाणं नसावं. पैसे देणारा भारतातला रहिवासी असावा आणि धंद्यासाठी देत असावा. तुम्ही दोन्ही अटींत बसता. निर्यातदार असल्याची सवलत त्यात नव्हती.

निवृत्त_बँकर

मॅडमनी नेमकं सांगितलं. मी थोडं मागचं सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे.

या परदेशी कंपन्यांचं इथं ऑफिस नाही, कारखाना नाही. दोन देशांमधल्या कर-करारांच्या नियमांनी त्यांच्या धंद्याच्या नफ्यावर इथं आयकर लावता येत नव्हता. 2016 मध्ये अखिलेश रंजन यांच्या समितीनं सुचवलं की नफा शोधत बसू नका, मिळणाऱ्या एकूण मोबदल्यावरच 6 ते 8 टक्के घ्या. सरकारनं 6 धरला. म्हणजे ही लेव्ही पहिल्यापासूनच ढोबळ बिलावर आहे, खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर नाही.

हे समजायला तुमचंच 70 हजाराचं बिल घ्या. लेव्ही झाली 4,200. त्या कंपनीला त्या 70 हजारात 14 हजार सुटत असतील तर नफ्याचा 30 टक्के गेला. साडेतीन हजारच सुटत असतील तर नफ्यापेक्षा कर जास्त. आणि तोटा असेल तरी 4,200 द्यायचेच. शिवाय ही लेव्ही आयकर कायद्यात न घालता वेगळ्या प्रकरणात घातली. त्यामुळे कर-करारांचं संरक्षण तिला लागू होत नाही असं सरकार म्हणायचं. पण त्याच कारणानं त्या कंपनीला स्वतःच्या देशात या रकमेची वजावट मिळणंही अवघड. मग कंपनीनं काय केलं? गिऱ्हाइकाबरोबरच्या करारात लिहून टाकलं की आम्हाला आमचे पूर्ण पैसे पाहिजेत, तुमच्या देशातले कर तुमचे तुम्ही बघा. कर परदेशी कंपनीवर, भरायचा सोलापूरच्या टॉवेलवाल्यानं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

टॉवेल_अक्कलकोटरोड

अगदी हेच झालंय. करारात तसं कलम आहे, आता शोधून वाचलं. कापून घ्यायला गेलो असतो तर बाकी दिसली म्हणून त्यांनी जाहिरात खातं बंद केलं असतं. मग 6 टक्के कशावर?

पुणेकर_मूळचा_सोलापुरी

मी एका कंपनीत करविभाग सांभाळतो. आम्ही वाढवून भरत होतो. कारण सरळ आहे. प्लॅटफॉर्मला हातात 70,000 पाहिजेत. त्याची लेव्ही तुम्ही खिशातून भरता, म्हणजे त्याला तुम्ही खरं तर जास्त मोबदला देता. म्हणून 70,000 ला 0.94 नं भागायचं, 74,468 येतात. त्याचे 6 टक्के 4,468. वर्षाचा हिशेब 8,93,617 वर 53,617. परदेशी पेमेंटचा टीडीएस आपण भरला तर असंच करतो की.

करसल्ला_दत्तचौक

टीडीएसला आपण तसं करतो, कारण आयकर कायद्यात त्यासाठी कलम 195अ आहे. कर देणाऱ्यानं स्वतः सोसला तर रक्कम वाढवून धरा, असं ते स्पष्ट सांगतं. लेव्हीच्या प्रकरणात असं एकही कलम नव्हतं. तिथं दर लागतो तो परदेशी कंपनीला मिळालेल्या किंवा मिळायच्या मोबदल्यावर. तिला 70,000 मिळाले, बिलही 70,000 चं. शिवाय कापली नाही तरी तुम्ही भरायला बांधील आहात, असं कलम 166 सांगतं, पण रक्कम वाढवून धरा असं तेही म्हणत नाही. करआकारणीचा आधार अंदाजानं वाढवता येत नाही, म्हणून मी माझ्या पक्षकारांना बिलाच्या रकमेवरच 6 टक्के भरायला सांगत आले.

पण पुणेकरांची बाजूही पोकळ नाही. करारात कर तुमचा असं लिहिलेलं असलं, की सोसलेला करही मोबदल्याचाच भाग, असं खातं म्हणू शकतं. दोन्ही मतांचे चांगले सल्लागार मी बघितलेत. यांच्या बाबतीत फरक आहे 3,217 रुपयांचा. त्यासाठी नोटिशीच्या उत्तरात भांडण काढू नका. 50,400 भरा, आणि कोणत्या आधारावर काढले ते एका ओळीत लिहा.

नवी_पेठ_डिजिटल

माझी छोटी एजन्सी आहे, दुकानं, क्लासेस, दवाखाने यांच्या जाहिराती चालवतो. वरचं वाचून जरा विचारात पडलो. गिऱ्हाइकाकडून 50 हजार घेतो, 40 हजार परदेशी प्लॅटफॉर्मला जातात, 10 हजार माझे. माझं उत्पन्न 10 हजार. मग माझा संबंध 10 हजारापुरताच ना? आणि प्रत्येक गिऱ्हाईक तर एक लाखाच्या आतच आहे.

करसल्ला_दत्तचौक

बिल कुणाच्या नावानं येतं ते सांगा.

नवी_पेठ_डिजिटल

माझ्याच एजन्सीच्या. कार्ड माझं, खातं माझं. असे दहा गिऱ्हाईक होते 2023-24 ला. प्रत्येकाचे वर्षाचे 40 हजारच.

करसल्ला_दत्तचौक

मग प्लॅटफॉर्मच्या दृष्टीनं पैसे देणारे तुम्ही एकटेच. तुमच्याकडून त्याला वर्षात 4 लाख गेले. मर्यादा एक देणारा आणि एक घेणारा अशी मोजतात, तुमच्या मागं गिऱ्हाइकं किती हे बघत नाहीत. लेव्ही 4 लाखांवर, म्हणजे 24,000. तुमच्या कमिशनवर नाही, कारण कमिशन परदेशात गेलंच नाही. ढोबळ म्हणजे परदेशी कंपनीच्या हातात पडलेली पूर्ण रक्कम. तुमची एक लाखाची कमाई त्यातून झाली, त्यातले 24 हजार यात जातात, हे डोळ्यावर येतं, मान्य आहे. जाहिरात खातं आणि बिल गिऱ्हाइकाच्या नावावर असतं आणि पैसे त्यांच्याच कार्डावरून गेले असते, तर प्रत्येक जण 40 हजारावर थांबला असता आणि कुणालाच काही लागलं नसतं. तुम्ही 2023-24 ची बिलं एकदा समोर घेऊन बसा. नोटीस येण्याआधी भरलेलं नेहमीच बरं पडतं.

नवी_पेठ_डिजिटल

गिऱ्हाइकाला आता दोन वर्षांनी 2,400 रुपये द्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? त्यातले दोन तर धंदा बंद करून हैदराबादला गेले. असो, सीएकडे जातो.

बाळीवेस

एक लाखाचं माझं चुकीचं निघालं, पण मॅडम, टॉवेलवाल्यांचा मुख्य भुर्दंड 50 हजारच ना? एवढ्यासाठी एवढी धावपळ कशाला?

करसल्ला_दत्तचौक

50 हजार हा सगळ्यात छोटा आकडा आहे. खरा मार दुसरीकडं बसतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते.

पहिलं व्याज. प्रत्येक महिन्याची लेव्ही पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायची होती. उशिराला दरमहा 1 टक्का, महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. समजा तुम्ही 5 डिसेंबर 2025 ला भरता. एप्रिल 2022 ची लेव्ही 7 मे 2022 ला भरायची होती, तिला 43 महिने झाले. मार्च 2023 च्या लेव्हीला 32. दर महिन्याची लेव्ही 4,200 म्हणजे व्याज महिन्याला 42 रुपये. बारा महिन्यांचं मिळून 18,900 होतं. हे सुटत नाही, भरावंच लागतं.

दुसरं, आणि हेच मोठं. आयकर कायद्याच्या कलम 40(a)(ib) प्रमाणे लेव्ही कापून वेळेत भरली नाही तर तो जाहिरातीचा खर्चच त्या वर्षी नामंजूर होतो. टीडीएस चुकला तर भारतातल्या पेमेंटचा 30 टक्के खर्च उडतो, इथं पूर्ण 8,40,000 उडतात. तुमची फर्म आहे, 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. 2,62,080 रुपयांचा कर, आणि त्यावरचं व्याज वेगळं. 50 हजाराच्या लेव्हीपायी अडीच लाखांच्या वरची मागणी अशी उभी राहते.

मात्र यातला बराचसा भाग परत मिळण्यासारखा आहे. नंतरच्या वर्षी लेव्ही भरली की, ज्या वर्षी भरली त्या वर्षी तो खर्च मंजूर होतो. म्हणजे आत्ता भरली तर 2025-26 च्या हिशेबात 8,40,000 ची वजावट मागता येईल. यासाठीच सांगते, उत्तर लिहीत बसण्याआधी चलान भरा. चलानात वर्ष 2022-23 चंच निवडा. लोक घाईत चालू वर्ष निवडतात, आणि मग भरलेले पैसे त्या वर्षाला जोडले जात नाहीत, दुरुस्तीसाठी महिनेच्या महिने जातात.

तिसरं दंडाचं. कापलीच नाही तर लेव्हीइतका दंड लावायची तरतूद आहे, म्हणजे आणखी 50,400. वर्षाचं विवरण फॉर्म नं. 1 मध्ये 30 जूनपर्यंत द्यायचं असतं. ते दिलं नाही तर दिवसाला 100 रुपये. 30 जून 2023 पासून मोजलं तर डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ते 89 हजाराच्या घरात जातं. पण दोन्ही दंड आपोआप बसत नाहीत. कलम 173 प्रमाणे वाजवी कारण दाखवलं तर दंड लावता येत नाही, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश काढता येत नाही.

टॉवेल_अक्कलकोटरोड

वाजवी कारण म्हणून काय चालेल? माहिती नव्हती, एवढं सांगून भागेल का?

करसल्ला_दत्तचौक

नुसतं तेवढं सांगून नाही. तुमच्याकडं कागद आहेत, ते बोलू द्या. करारातलं पूर्ण पैशांचं कलम, कार्डावरून पूर्ण रक्कम आपोआप गेल्याची स्टेटमेंट, आणि प्रत्येक महिन्याचं बिल लावा. हा खर्च तुम्ही वहीत उघड दाखवला होता, काही लपवलं नव्हतं, हे लिहा. रिव्हर्स चार्जचा जीएसटी भरला असेल तर त्याचीही प्रत जोडा.

टॉवेल_अक्कलकोटरोड

तो भरलाय. दर महिन्याला 12,600. निर्यातीमुळं नंतर परतावाही मिळाला. पण तेच कागद बघून खातं म्हणेल ना, की जीएसटी भरताना कंपनी परदेशी आहे हे तुम्हाला कळत होतं, मग लेव्ही कशी कळली नाही?

करसल्ला_दत्तचौक

म्हणेल, त्याची तयारी ठेवा. तरी जोडाच. परदेशी पेमेंट सरकारपुढं आधीच जाहीर होतं, हा त्यातला मुद्दा जास्त वजनाचा आहे. आणि हो, तो 12,600 लेव्हीच्या हिशेबात मिळवायचा नाही. तो प्लॅटफॉर्मला मिळालाच नाही, थेट सरकारला गेला. माझ्याकडं एक असा हिशेब आला होता ज्यात 82,600 वर 6 टक्के काढले होते. दर महिन्याला 756 रुपये विनाकारण जास्त.

पुणेकर_मूळचा_सोलापुरी

फॉर्म नं. 1 आता भरता येईल का? माझ्या माहितीप्रमाणे ज्या वर्षी सेवा घेतली ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. म्हणजे 31 मार्च 2025 ला संपली.

करसल्ला_दत्तचौक

बरोबर. स्वतःहून द्यायची मुदत गेली. आता खात्यानं मागितलं तर त्यांनी दिलेल्या मुदतीत द्यायचं. म्हणून उत्तरातच लिहायचं की विवरण द्यायला आम्ही तयार आहोत, आणि महिनावार तक्ता सोबत लावायचा. मुदत संपल्यानंतर मधल्या दिवसांचा दंड कसा मोजतील यावर मी ठाम काही सांगणार नाही.

निवृत्त_बँकर

एक विचारतो. 1 एप्रिल 2025 नंतर लेव्ही गेली, ठीक. पण लेव्ही लागलेल्या रकमेला आयकरातून सूट होती, कलम 10(50) ची. लेव्हीबरोबर ती सूटही गेली. मग आता टॉवेलवाले महिन्याला 70 हजार पाठवतात त्यावर कलम 195 चा टीडीएस लागणार का? आमच्या वेळी बँकेत परदेशी पेमेंटचा कागद आला की पहिला प्रश्न हाच असायचा.

टॉवेल_अक्कलकोटरोड

बापरे. मी समजत होतो की आता सुटलो.

पुणेकर_मूळचा_सोलापुरी

2013 ला कोलकात्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणानं राइट फ्लोरिस्ट्सच्या प्रकरणात म्हटलं होतं की इथं कायम ठाणं नसलेल्या परदेशी कंपनीला दिलेल्या अशा जाहिरातीच्या पैशावर इथं कर लागत नाही. आमची कंपनी त्यावरच चाललीय. टीडीएस कापत नाही.

करसल्ला_दत्तचौक

तो निकाल उपयोगाचा आहे, पण तो 2013 चा. त्यानंतर आयकर कायद्यात भारतातल्या लोकांना उद्देशून केलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नाबद्दल वेगळी तरतूद आली आहे. भारताशी कर-करार असलेल्या देशातली कंपनी असेल तर तो करार आडवा येतो, पण तो दाखवायला कागद लागतात. टॉवेलवाले, तुम्ही प्लॅटफॉर्मकडून तिथल्या रहिवासाचा दाखला, फॉर्म 10एफ आणि इथं कायम ठाणं नसल्याचं पत्र मागून घ्या, चालू वर्षाचं. बऱ्याच प्लॅटफॉर्मच्या मदत विभागात हे कागद मागितले की मिळतात. आणि नीट लक्ष द्या, तुमच्या जाहिराती जर्मनी-दुबईत दिसतात हा मुद्दा लेव्हीत बिनकामाचा होता, तो इथं मात्र तुमच्या बाजूनं उपयोगी पडू शकतो.

बाळीवेस

म्हणजे मॅडम, एकदा हो की नाही सांगा. कापायचा का नाही?

करसल्ला_दत्तचौक

बिल देणारी कंपनी कोणत्या देशातली, ते बघितल्याशिवाय सांगणार नाही. टॉवेलवाले, बिलाचा वरचा भाग बघून देश तेवढा इथं लिहा.

टॉवेल_अक्कलकोटरोड

2022-23 च्या बिलांवर आयर्लंड आहे. चालू वर्षाची बिलं कारखान्यात आहेत, उद्या पाळी सुरू झाली की बघून लिहितो. चलान उद्याच भरतोय, 50,400 आणि 18,900 व्याज, मिळून 69,300. वर्ष 2022-23.